कोहॉर्ट विश्लेषण (ग्राहक-टिकाव)

एकाच महिन्यात पहिली खरेदी केलेल्या ग्राहकांचा एक गट धरायचा आणि त्यातले किती जण पुढच्या प्रत्येक महिन्यात पुन्हा खरेदीला आले ते मोजायचे, या पद्धतीला ऑनलाइन दुकानांच्या कामकाजात कोहॉर्ट विश्लेषण म्हणतात. गटाला कोहॉर्ट आणि पुन्हा येणाऱ्यांच्या प्रमाणाला रिटेन्शन किंवा टिकाव असे शब्द रूढ आहेत. दुकानाची मासिक विक्री वाढत असली, तरी ती जुने ग्राहक परत येत असल्याने वाढते की जाहिरातीवर पैसा ओतून रोज नवे ग्राहक आणल्याने, हे एकूण आकड्यावरून कळत नाही. ते वेगळे करून दाखवण्यासाठी हा तक्ता मांडतात.

ही पद्धत व्यापारात आली ती लोकसंख्याशास्त्र आणि साथरोगशास्त्रातून. क्षयरोगाच्या मृत्युदरावरचा वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट यांचा लेख १९३९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. मॅसॅच्युसेट्समधील आकडे एकाच वर्षापुरते पाहिले, तर क्षयाने मरण्याचा धोका उतारवयात सर्वाधिक दिसत होता. फ्रॉस्ट यांनी एकाच दशकात जन्मलेल्यांचा गट धरून त्याचा आयुष्यभर माग काढला, तेव्हा धोक्याचे शिखर तरुण वयात निघाले. म्हातारे जास्त मरत होते, कारण त्यांची सगळी पिढीच क्षयाच्या जोराच्या काळात वाढली होती. वय, काळ आणि पिढी या तिन्हींचा परिणाम एकाच आकड्यात मिसळतो. दुकानाच्या तक्त्यातही नेमके हेच घडते.

तक्त्याच्या तीन दिशा

नेहमीच्या तक्त्यात प्रत्येक आडवी ओळ हा एक गट असतो आणि उभे स्तंभ पहिल्या खरेदीनंतरचा पहिला, दुसरा, तिसरा महिना दाखवतात. ओळीवरून डावीकडून उजवीकडे गेले, की एकाच गटाचे वय वाढताना दिसते. स्तंभात वरून खाली गेले, की निरनिराळे गट समान वयाचे असताना कसे वागले ते दिसते. दुकान सुधारते आहे की बिघडते आहे हा प्रश्न स्तंभाचा आहे. तिसरी दिशा तिरकी, कर्णाची. एका कर्णावरचे सगळे आकडे एकाच कॅलेंडर-महिन्याचे असतात. सण, सवलत, पुरवठ्यातला खोळंबा यांचा ठसा कर्णावर उमटतो. तक्ता वाचताना होणाऱ्या बहुतेक चुका कर्णावरची गोष्ट ओळीच्या किंवा स्तंभाच्या खात्यावर जमा केल्याने होतात.

एक खरा तक्ता

अभ्यासासाठी नेहमी वापरली जाणारी एक नोंदवही ब्रिटनमधील भेटवस्तू विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाची आहे. १ डिसेंबर २०१० ते ९ डिसेंबर २०११ या काळातल्या बिलांच्या ५,४१,९०९ ओळी त्यात आहेत, आणि ग्राहक क्रमांक असलेले एकूण ४,३७२ ग्राहक. त्यांतले बरेच जण घाऊक खरेदीदार होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढील तक्ता याच नोंदवहीवरून केला आहे. त्यात काही निवडक गट घेतले असून २०११ मधल्या शेवटच्या चार महिन्यांत प्रत्येक गटातले किती जण दिसले ते दिले आहे.

| पहिली खरेदी | गटातील ग्राहक | सप्टेंबर | ऑक्टोबर | नोव्हेंबर | डिसेंबर |
|---|---|---|---|---|---|
| डिसेंबर २०१० | ९४८ | ३७४ | ३५४ | ४७४ | २६० |
| जानेवारी २०११ | ४२१ | १३१ | १४६ | १५५ | ६३ |
| एप्रिल २०११ | २९९ | ७१ | ६९ | ७८ | २५ |
| जुलै २०११ | १९१ | ३९ | ४४ | ५२ | २२ |
| ऑगस्ट २०११ | १६७ | ४२ | ४२ | ४२ | २३ |
| सप्टेंबर २०११ | २९८ | – | ८९ | ९७ | ३६ |
| ऑक्टोबर २०११ | ३५२ | – | – | ९३ | ४६ |

स्तंभांना येथे मुद्दाम कॅलेंडर-महिन्यांची नावे दिली आहेत. अशा मांडणीत कर्ण सरळ उभा होतो आणि डोळ्यांना लगेच दिसतो. वयाचा तक्ता करण्याआधी हा करून पाहावा. पायथनच्या पांडास लायब्ररीत त्याला तीन ओळी पुरतात:

```
df["m"] = df["InvoiceDate"].dt.to_period("M")
df["c"] = df.groupby("CustomerID")["m"].transform("min")
t = df.groupby(["c","m"])["CustomerID"].nunique().unstack()
```

प्रथम शेवटचा स्तंभ पाहावा. डिसेंबरमध्ये प्रत्येक गट कोसळलेला दिसतो. ग्राहक पळाले असे यातून निघत नाही, कारण नोंदवही ९ डिसेंबरलाच संपते. वयाच्या तक्त्यात हीच घसरण प्रत्येक ओळीच्या शेवटच्या घरात पसरते आणि मग ती फसवते. नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा आलेल्या ३२१ जणांपैकी डिसेंबरमध्ये ४३ परतले, म्हणजे पहिल्या महिन्याचा टिकाव १३.४ टक्के. त्याच्या वर ऑक्टोबर-गटाचे २६.४ टक्के. नोव्हेंबरच्या जाहिरातीने निकस ग्राहक आणले, असा निष्कर्ष बैठकीत सहज निघू शकतो. प्रत्यक्षात एकाला पूर्ण महिना मिळाला आहे आणि दुसऱ्याला नऊ दिवस. अपुऱ्या महिन्याचा कर्ण तक्त्यातून काढून टाकणे हाच यावरचा उपाय आहे.

नोव्हेंबरचा स्तंभ उलट बाजूने फसवतो. ऑगस्टचा अपवाद सोडला, तर आधीच्या महिन्याशी तुलना करता येणारा वरील प्रत्येक गट नोव्हेंबरमध्ये वर गेला. भेटवस्तूंच्या धंद्यात नाताळच्या आधीचा महिना तसा असणारच. आता वयाच्या तक्त्यात पहिल्या महिन्याचा स्तंभ वाचला, तर मार्च-गट १९.१ टक्के, जून आणि जुलै २०.९, ऑगस्ट २५.१, सप्टेंबर २९.९ अशी चढती रांग दिसते आणि उन्हाळ्यानंतर दुकानाने काहीतरी चांगले केले असे वाटते. पण सप्टेंबर-गटाचा पहिला महिना म्हणजे ऑक्टोबर. त्याच ऑक्टोबरात, नऊ महिने जुन्या जानेवारी-गटातलेही ३४.७ टक्के लोक आले होते, आणि फेब्रुवारीत, म्हणजे आपल्या पहिल्या महिन्यात, हा गट २४.० टक्क्यांवर होता. हंगामाने सगळ्यांनाच उचलले. सुधारणेचा दावा करायचा, तर नवा गट त्याच महिन्यात जुन्या गटांपेक्षा किती जास्त वर गेला ते दाखवावे लागते, किंवा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यातल्या गटाशी तुलना करावी लागते.

शिवाय ऑगस्ट-गटात माणसे फक्त १६७ आहेत. एवढ्या लहान गटातल्या २५ टक्क्यांभोवती दोन्ही बाजूंना सुमारे साडेसहा टक्के-बिंदूंची अनिश्चितता असते. जुलैचे २०.९ आणि ऑगस्टचे २५.१ यांतला फरक त्यात सहज बुडतो. तक्त्याला गडद-फिके रंग देण्याची प्रथा देखणी असली, तरी १६७ आणि ९४८ यांना ती सारखाच रंग देते. गटाचा आकार शेजारी छापलेला नसेल, तर तो तक्ता वाचू नये.

पहिली ओळ

सर्वांत मोठी आणि सर्वांत निष्ठावान दिसणारी ओळ डिसेंबर २०१० ची आहे. तिच्यातले ३८.२ टक्के ग्राहक पुढच्याच महिन्यात परतले, तर जानेवारी-गटातले २४.० टक्केच. या ओळीवर विश्वास ठेवता येत नाही. नोंदवही १ डिसेंबरला सुरू होते, त्यामुळे त्या महिन्यात आलेला प्रत्येक जुना ग्राहकही ‘पहिल्यांदा आलेला’ म्हणून नोंदला गेला. मुरलेले आणि नवखे एकाच टोपलीत पडले, आणि मुरलेल्यांनी सरासरी वर नेली.

याचा एक पुरावा नोंदवहीतच आहे. रद्द बिलांचा क्रमांक, म्हणजे `InvoiceNo`, `C` या अक्षराने सुरू होतो. अशी बिले वगळली, तर डिसेंबर-गट ९४८ वरून ८८५ वर येतो. उरलेल्या ६३ जणांच्या नावावर त्या महिन्यात खरेदी नव्हतीच, फक्त रद्द केलेले व्यवहार होते. त्यांतल्या बहुतेकांनी माल आधी कधीतरी घेतला असणार. दुसरा पुरावा त्याच दुकानाच्या डिसेंबर २००९ पासूनच्या विस्तारित नोंदवहीत मिळतो. ती जोडली, की डिसेंबर २०१० मधले खरे नवे ग्राहक फारच थोडे उरतात. अर्थात तेव्हा तोच दोष डिसेंबर २००९ च्या ओळीत जाऊन बसतो.

पहिल्या ओळीचे हे वैगुण्य तळाच्या सरासरीत अधिक घातक ठरते. अकराव्या महिन्याच्या स्तंभात दोनच गट पोहोचतात : डिसेंबरचा, नाताळच्या हंगामातला ५० टक्के, आणि जानेवारीचा, नऊ दिवसांचा १५ टक्के. अपुरा महिना नियमाप्रमाणे काढला, तर सरासरी म्हणून एकटे ५० टक्के उरतात आणि आलेख वर्षाच्या शेवटी उसळी घेतो. त्यावरून ग्राहकाच्या आयुष्यभराच्या मूल्याचा हिशेब केला, तर जाहिरातीवर किती खर्च परवडतो त्याचे उत्तर भलतेच येईल. नोंदी दुकानाच्या पहिल्या दिवसापासूनच्या नसतील, तर सुरुवातीचे काही महिने केवळ जुन्या ग्राहकांची ओळख पटवण्यासाठी वापरावेत आणि त्यांच्या ओळी तक्त्यात धरू नयेत.

टिकाव म्हणजे नेमके काय

ऑगस्ट-गटाच्या ओळीत ४२, ४२, ४२ असे आकडे आहेत. पंचवीस टक्क्यांवर स्थिरावलेला निष्ठावान गाभा असे त्याचे वर्णन करण्याचा मोह होतो. पण तिन्ही महिन्यांत तेच ४२ लोक आले, की दर महिन्याला वेगळे, हे तक्ता सांगत नाही. परत आलेली निरनिराळी माणसे किमान ४२ असतील आणि कमाल १२६, म्हणजे गटाच्या तीन-चतुर्थांश. ही दोन दुकाने अगदी वेगळी आहेत. फरक कळण्यासाठी दुसरा, साचत जाणारा तक्ता करावा लागतो : या महिन्यापर्यंत निदान एकदा तरी परत आलेले किती? तो आकडा कधीच खाली येत नाही, म्हणून सादरीकरणात तो आवडीचा असतो. त्यामुळे समोरचा तक्ता या दोहोंपैकी कोणता, हे आधी विचारून घ्यावे.

मासिक वर्गणीच्या सेवेत ग्राहक कधी गेला त्याची तारीख असते. दुकानात ती नसते. कोणी निरोप घेत नाही, नुसते येत नाही, आणि पाच महिन्यांनी पुन्हा येते. म्हणूनच जानेवारी-गट मार्चमध्ये २८.३, एप्रिलमध्ये २४.२ आणि मे महिन्यात ३२.८ टक्के असा वरखाली होतो. गळतीच्या कायमच्या उतरत्या वक्राची अपेक्षा येथे गैरलागू आहे. अशा ग्राहकांसाठी पीटर फेडर, ब्रूस हार्डी आणि का लोक ली यांनी २००५ मध्ये मांडलेल्या प्रारूपात, शेवटची खरेदी कधी आणि एकूण किती वेळा यांवरून ग्राहक अजून सक्रिय असण्याची शक्यता काढतात. त्यासाठी वापरलेली सीडीनाऊ या संगीत-दुकानाची नोंदवही मुळात एकच मोठा गट आहे : १९९७ च्या पहिल्या तीन महिन्यांत पहिली खरेदी केलेले २३,५७० ग्राहक, जून १९९८ पर्यंत पाहिलेले.

भारतीय दुकानांत

भारतात कर्णावरचा मोठा परिणाम दिवाळीचा असतो, आणि दिवाळी कॅलेंडर-महिन्यात एका जागी बसत नाही. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. त्यामुळे मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करण्याचा वरचा उपाय येथे मोडतो. महिन्याऐवजी सणाच्या आधीचे आठवडे मोजून गट पाडले, तर तुलना जुळते.

कॅश ऑन डिलिव्हरीचा माल न घेता परत पाठवला गेला, म्हणजे आरटीओ झाला, तर ती पहिली खरेदी धरायची की नाही हेही आधी ठरवावे लागते. धरली, तर ज्याच्या हाती वस्तू पोहोचलीच नाही असा माणूस गटात शिरतो आणि टिकाव कमी दिसतो. परत आलेली ऑर्डर पुन्हा पाठवली आणि तिला नवा क्रमांक मिळाला, तर उलट एकाच खरेदीची पुनर्खरेदी होते. ओळख पटवायला मोबाइल क्रमांक धरला, की एका घरातले तिघे एक ग्राहक होतात. ईमेल धरला, की एकच माणूस दोन ग्राहक होतो. यांपैकी कोणता नियम घेतला ते तक्त्याखाली लिहिलेले असावे, आणि तो मध्येच बदलला असेल, तर त्या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळी एका स्तंभात वाचू नयेत.