चिन्हावरून वस्तूची जात: पार्श्वभूमी

कोल्हापुरात मटणाचा पांढरा रस्सा भाताशिवाय कुणाला सुचत नाही. म्हणून तांदूळ आणि मटण या पूरक वस्तू, असं कुणीही सांगेल. पण ते आकड्यांवरून ठरवायचं कसं, यावर अर्थशास्त्रज्ञांनी बरीच वर्षं घालवली.

उत्पन्नाकडून सुरुवात आधी झाली. सॅक्सनीचे संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्ये बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे खर्च तपासले. कुटुंब जितकं गरीब, तितका अन्नावर खर्चाचा मोठा वाटा जातो, हे त्यांना दिसलं. पुढे हाच विचार उत्पन्न लवचिकतेत आला, म्हणजे उत्पन्न एक टक्का वाढलं तर मागणी किती टक्के बदलते या आकड्यात. पगार 10 टक्के वाढला आणि घरातला शाळू 5 टक्के कमी झाला, तर लवचिकता उणे 0.5 आणि शाळू त्या घरापुरता निकृष्ट. मटण 15 टक्के वाढलं, तर अधिक 1.5, म्हणजे सामान्य वस्तू. ‘निकृष्ट’ हा शब्द मला खटकतो, कारण त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. हौसेने भाकरीकडे वळलेल्या सधन घरात हाच शाळू सामान्य ठरू शकतो.

पर्यायी आणि पूरक वस्तूंचं कोडं अवघड होतं. एजवर्थ आणि परेटो या अर्थशास्त्रज्ञांच्या काळात कसोटी उपयोगितेची, म्हणजे वस्तूतून मिळणाऱ्या समाधानाची होती: एक वस्तू हाताशी असल्यावर दुसरीची सीमांत उपयोगिता, म्हणजे तिच्या आणखी एका नगातून मिळणारं समाधान, वाढते का? पण उपयोगिता कुठल्याच तराजूत मोजता येत नाही. हिक्स आणि ॲलन यांनी 1934 मध्ये हा आधार सोडला आणि किमतीचा परिणाम दोन भागांत फोडला. एका भागात ग्राहक महाग वस्तूकडून दुसरीकडे वळतो, आणि दुसऱ्या भागात महागाईमुळे त्याचं खरं उत्पन्नच घटतं. रशियाचे स्लुट्स्की यांनी हे 1915 मध्येच एका इटालियन नियतकालिकात मांडलं होतं, पण फारसं कुणी वाचलं नव्हतं.

आता आपल्या भात-मटणाकडे येऊ. उदाहरणापुरते आकडे घेऊ. तांदूळ 10 टक्के महागला आणि मटणाची मागणी 1 टक्क्याने घटली. एका वस्तूची किंमत एक टक्का वाढली तर दुसरीची मागणी किती टक्के बदलते, ती छेदक लवचिकता उणे 0.1 आली, म्हणजे पूरक. पण या घराच्या खर्चात तांदळाचा वाटा 10 टक्के आहे. म्हणजे महागाईने खिशातला सुमारे 1 टक्का गेला, आणि मटणाची उत्पन्न लवचिकता 1.5 असल्याने तेवढ्यानेच मटण 1.5 टक्के घटायला हवं होतं. प्रत्यक्षात घट 1 टक्क्याचीच झाली. म्हणजे उत्पन्नाचा परिणाम काढून टाकल्यावर लवचिकता अधिक 0.05 उरते, आणि हिक्स-ॲलन यांच्या अर्थाने हे दोन पदार्थ किंचित पर्यायी ठरतात.

गूळ-साखरेत ही दुरुस्ती जवळजवळ जाणवत नाही. घरखर्चात गुळाचा वाटा 1 टक्का आणि साखरेची उत्पन्न लवचिकता 0.5 धरली, तर फरक 0.005 चाच पडतो. तिथे कच्च्या आकड्याचं चिन्ह वाचलं तरी चालतं.