कापलेलं आणि न घेतलेलं

गणपतीत आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर पडदा लावून साठच्या दशकातला एक हिंदी पिक्चर दाखवला. गाण्यात नायक-नायिका जवळ आले, आणखी जवळ आले, आणि पडद्यावर दोन गुलाब एकमेकांना टेकून डोलायला लागले. पोरं खिदळली. माझा भाचा म्हणाला, "मामा, इथं सेन्सॉरनं कापलंय." मागं खुर्चीत आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे काका बसले होते. आयुष्यभर टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. ते म्हणाले, "कापलेलं नाही रे. ते घेतलेलंच नाही."

या दोन गोष्टींची आपण सर्रास गल्लत करतो. कापलेलं म्हणजे शूट झालं, बोर्डाकडे गेलं आणि कात्रीत सापडलं. न घेतलेलं म्हणजे कॅमेरा सुरू होण्याआधीच सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं की इथं फुलं दाखवायची.

चुंबनावर कायद्यानंच बंदी होती, हा समज तर फार पक्का आहे. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात सभ्यता आणि नीतिमत्ता असे मोघम शब्द आहेत, चुंबनाचं नाव नाही. इंग्रजांच्या काळातल्या सेन्सॉरला मुख्य धास्ती राजकारणाची होती. 1933 च्या 'कर्मा'त देविका राणी साप चावून बेशुद्ध पडलेल्या हिमांशु रायचं चुंबन घेते. (दोघं खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको होते, आणि ते चुंबन चार मिनिटांचं होतं ही फुगवलेली गोष्ट.) स्वातंत्र्यानंतर बोर्डाचा हात आवळला, पण तोही देशी सिनेमांपुरताच. त्याच काळात इंग्रजी पिक्चरमधली चुंबनं आपल्याकडच्या पडद्यावर दिसत होती. 1969 मध्ये सेन्सॉरच्या कामाची चौकशी करायला सरकारनं नेमलेल्या खोसला समितीनं सांगितलं की कथेला गरज असेल तर चुंबनाला हरकत नसावी. तरी गुलाब पुढं कित्येक वर्षं डोलतच राहिले. नुसती कात्रीच आडवी येत असती तर ते तेव्हाच थांबायला हवे होते. माझ्या मते इथं खरा धाक पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत आजीसकट बसलेल्या कुटुंबाचा होता. तसा हा संकोच सिनेमाहून पुष्कळ जुना. रंगमंचावर चुंबन दाखवू नये, असं नाट्यशास्त्रातच सांगितलंय.

मग पडद्यावर पाहून ओळखायचं कसं? काकांनी दुसऱ्या दिवशी भाच्याला बसवून तेच गाणं पुन्हा लावलं. म्हणाले, "डोळे मीट आणि ठेका मोज." केरवा होता, आठ मात्रांचा. गुलाब आले आणि गेले, पण मात्रा एकही चुकली नाही, सम जागच्या जागी आली. गाणं आधी रेकॉर्ड व्हायचं आणि ते वाजवून त्यावर शूटिंग व्हायचं. दोन ओळींमधल्या म्युझिकच्या तुकड्यावर फुलांचा इन्सर्ट बेतूनच बसवलेला असायचा. त्यासाठी नायक-नायिका सेटवर असायचीही गरज नसे.

तयार प्रिंटमधून तुकडा काढला की खूण वेगळी पडते. 35 मिलिमीटरच्या प्रिंटवर आवाजाची पट्टी चित्राच्या कडेलाच असते, पण एखाद्या चित्राचा आवाज त्याच्या शेजारी नसतो, सुमारे 20 फ्रेम पुढं असतो. प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग चित्राच्या खिडकीच्या खाली असल्यामुळे तसं करावं लागतं. म्हणून जोड आला की आधी चित्र उडी मारतं आणि सेकंदापेक्षा जरा कमी वेळानं आवाज अडखळतो. सेकंदाला 24 फ्रेम, हिशोब जुळतो. गाण्यात हे झालं की ठेका लंगडतो.

पण ही खूण कात्रीचीच असेल असं नाही. प्रिंट फाटली की ऑपरेटरही खराब फ्रेम काढून जोड मारायचा. उलट निर्मात्यानं रिलीजआधीच निगेटिव्हमध्ये चित्र आणि आवाज दोन्ही नीट बसवून कट केला असेल, तर कानाला काहीच कळत नाही. सुरुवातीच्या सर्टिफिकेटवर डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असेल तर काहीतरी कापलंय एवढं समजतं. कुठं कापलंय ते पडद्यावरून समजत नाही.

पावसाचं मात्र वेगळंय. त्याला फुलांच्या रांगेत बसवणं मला पटत नाही. फुलं आणि हलणारी झाडं आली की कॅमेऱ्यानं मान वळवलेली असते, ती दोघं फ्रेमबाहेर जातात. पावसात ती दोघं फ्रेममध्येच राहतात, भिजतात, आणि पदर अंगाला चिकटला तर दोष ढगांचा. फुलं झाकतात, पाऊस दाखवतो आणि वर सबबही पुरवतो. ओठ टाळणाऱ्या त्याच संकोचाला ओली साडी कशी चालायची, हे कोडं काकांनाही सुटलेलं नाही.

भाच्यानं मग चिकाटीनं अख्खा पिक्चर कान देऊन पाहिला. चित्र उडून मागोमाग आवाज अडखळल्याची एकच जागा सापडली, ती शेवटच्या मारामारीत. त्यानं मोठ्या आशेनं काकांकडं पाहिलं. काका म्हणाले, "हा सेन्सॉर नव्हे, आमच्यातलाच कुणीतरी. जोड वाकडा मारलाय बघ."