आवाज गेला नाही, हेडफोनमध्ये गेलाय
टीव्हीच्या ब्लूटूथला हेडफोन जोडणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

“काल रात्रीपर्यंत टीव्ही नीट होता. आज चित्र दिसतंय, पण आवाजच नाही.” असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: घरात ब्लूटूथ हेडफोन आहे का? बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ येतं. मग पॅनल उघडायची गरज नसते, स्पीकरही जळलेला नसतो.

घडतं ते असं. रात्री एकाने हेडफोन लावून सिनेमा पाहिला. रिमोटने टीव्ही बंद केला आणि हेडफोन तसाच चालू ठेवून खणात टाकला. सकाळी दुसऱ्या कोणी टीव्ही लावला. टीव्हीला हेडफोन ओळखीचा, त्यामुळे तो आपोआप जोडला गेला आणि बातम्या खणात वाजू लागल्या. इकडे माणूस आवाज वाढवत बसतो, केबल काढून घालतो आणि शेवटी सेटिंगमध्ये शिरून टीव्ही फॅक्टरी रिसेट करतो. जोडणी पुसली गेल्याने आवाज येतो खरा, पण त्याबरोबर सगळ्या अ‍ॅपचं लॉगिन, वायफायचा पासवर्ड, चॅनलची यादी आणि चित्राची सेटिंगही जाते. आवाज परत आणायला एक मिनिट पुरतं, हे सगळं पुन्हा बसवायला तास जातो. म्हणून आवाज गेला तर कृपया रिसेटकडे जाऊ नका.

आधी रिमोटवर आवाजाचं बटण एकदा दाबा आणि पडद्यावर येणाऱ्या पट्टीकडे नीट बघा. बऱ्याच टीव्हींवर तिथे स्पीकरचं चित्र किंवा `TV Speaker` असे शब्द दिसतात. त्या जागी हेडफोनचं वा ब्लूटूथचं चिन्ह, किंवा तुमच्या हेडफोनचं नाव दिसलं, तर उत्तर मिळालं. सॅमसंगवर `Settings` → `Sound` → `Sound Output` इथे जाऊन टीव्हीचा स्पीकर निवडा. एलजीवर `Sound` मध्येच `Sound Out` आहे. गुगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही असेल तर `Remotes & Accessories` मध्ये हेडफोनचं नाव उघडून `Disconnect` करा. मॉडेलप्रमाणे शब्द थोडे बदलतात, जागा साधारण याच. (या शेवटच्या यादीत बऱ्याचदा तुमचा रिमोटही असतो, कारण तोही ब्लूटूथवर चालतो. घाईत त्याच्यावर `Forget` दाबू नका.)

हेडफोन बंद केला की काही टीव्ही स्वतःहून स्पीकरवर परत येतात. काही मात्र शेवटी निवडलेल्या जागेलाच चिकटून राहतात. तुमचा कोणत्या प्रकारचा आहे ते एकदा करून बघा आणि घरातल्यांना सांगून ठेवा.

हेडफोन जोडल्यावर स्पीकर गप्प का होतात? टीव्ही बिघडल्यामुळे नाही, तो बनवलाच तसा आहे. ब्लूटूथने आवाज पाठवताना टीव्ही तो आधी दाबून लहान करतो, मग रेडिओलहरींवर सोडतो. हेडफोन तो थोडा साठवून, उलगडून मग वाजवतो. यात सेकंदाचा पाचवा भाग सहज जाऊ शकतो. ओठ आणि शब्द जुळावेत म्हणून काही टीव्ही चित्रही तेवढंच मागे ठेवतात. अशा वेळी स्पीकरही चालू राहिले तर हेडफोन लावलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. म्हणून बहुतेक टीव्ही एका वेळी एकच वाट उघडी ठेवतात. काही नव्या मॉडेलांत टीव्हीचा स्पीकर आणि ब्लूटूथ एकत्र चालू ठेवायची सोय असते. आजी-आजोबांना हेडफोन आणि बाकीच्यांना स्पीकर हवा असेल, तर टीव्ही घेण्यापूर्वीच आम्हाला सांगा, म्हणजे तसंच मॉडेल दाखवता येईल.

हीच मर्यादा दुसऱ्या हेडफोनलाही लागू होते. टीव्हीच्या यादीत पाच नावं दिसली म्हणून पाचही वाजतील असं नाही. ती यादी ओळखीची आहे, जोडणीची नाही. आवाजासाठी बहुतेक टीव्ही एका वेळी एकच हेडफोन घेतात, दुसरा जोडला की पहिला सुटतो. आणि काही टीव्हींचं ब्लूटूथ फक्त रिमोट-कीबोर्डपुरतं असतं. तुमच्या टीव्हीत आवाजाच्या मेनूमध्ये ब्लूटूथ सापडत नसेल आणि जोडायच्या यादीत कीबोर्ड दिसूनही हेडफोन दिसत नसेल, तर तो या प्रकारातला असण्याची शक्यता मोठी.

नवा हेडफोन यादीत येतच नाही, ही तक्रारही नेहमीची. हेडफोन चालू असणं आणि तो पेअरिंग मोडमध्ये असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता चालू केला तर तो जुन्या ओळखीच्या फोनला जाऊन चिकटतो आणि टीव्हीला दिसतच नाही. म्हणून आधी फोनचं ब्लूटूथ बंद करा. मग हेडफोन बंद असताना त्याचं चालू करायचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकू लागला की सोडा. काही हेडफोनना पेअरिंगचं बटण वेगळं असतं. इअरबड असतील तर बऱ्याचदा ते डबीतच ठेवून, झाकण उघडून डबीवरचं बटण दाबावं लागतं. दिवा लुकलुकत असतानाच टीव्हीवर शोध सुरू करा, कारण हा मोड काही मिनिटांत आपोआप बंद होतो. काम झाल्यावर फोनचं ब्लूटूथ पुन्हा चालू करायला हरकत नाही. मात्र हेडफोन एकाच वेळी दोन उपकरणांना जोडणारा असेल, तर फोन वाजला की टीव्हीचा आवाज मध्येच तुटेल. तोही बिघाड नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आवाजाच्या तक्रारीवर आम्ही लगेच माणूस पाठवत नाही, आधी फोनवर वरची तपासणी करायला लावतो. काहींना ही टाळाटाळ वाटते. पण आमचा माणूस घरी आला की भेटीचे पैसे लागतात, दोष निघो वा न निघो, आणि हेडफोन बंद करण्यासाठी ते तुमच्याकडून घेणं आम्हालाही बरं वाटत नाही. स्पीकर निवडूनही आवाज आला नाही, किंवा खरखर येत असेल, तर मात्र आम्ही नक्की येऊ.

दोघांना एकाच वेळी हेडफोनवर ऐकायचं असेल, किंवा टीव्हीत आवाजाचं ब्लूटूथच नसेल, तर बाहेरून लावायचा ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतो. तो टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटला किंवा हेडफोनच्या भोकाला लागतो. दोन हेडफोन एकत्र चालवणारेही ट्रान्समीटर असतात. ऑप्टिकलला लावल्यावर आवाज आला नाही, तर टीव्हीच्या `Digital Sound Output` किंवा तशाच नावाच्या सेटिंगमध्ये `PCM` निवडा. डॉल्बीचा सिग्नल असे बहुतेक छोटे ट्रान्समीटर उलगडू शकत नाहीत, त्यामुळे ते गप्प बसतात. हेडफोनच्या भोकाला लावलात तर बहुतेक टीव्हींचे स्पीकर बंद होतात, म्हणून शक्यतो ऑप्टिकलच वापरा. आमच्याकडे दोन्ही प्रकारचे ट्रान्समीटर आहेत. येताना स्वतःचे हेडफोन आणि टीव्हीच्या मागच्या सॉकेटचा फोटो घेऊन या, जोडून ऐकूनच घ्या.