धार्मिक सामना : आजारपण, मृत्युशोक आणि मोजमाप

आजारपण किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू यांतून निभावून जाताना माणूस श्रद्धेचा ज्या रीतीने वापर करतो, तिला धर्माच्या मानसशास्त्रात धार्मिक सामना म्हणतात. माणूस किती धार्मिक आहे, हा इथला प्रश्न नसतो. रोज अंबाबाईला जाणाराही रुग्णालयातल्या खाटेवर देवाला विसरतो आणि एरवी देवळाची पायरी न चढणारा जोतिबाला नवस बोलतो. संकटात श्रद्धा नेमकी कशी कामाला येते, हे तपासायचे असते.

या विषयाला आजचे रूप अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ केनेथ पारगामेंट यांनी दिले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘आरकोप’ ही १०५ विधानांची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. खाटेवरच्या रुग्णाला एवढे प्रश्न विचारणे अवघडच. त्यामुळे बहुतेक अभ्यासांत तिची १४ विधानांची छोटी आवृत्ती वापरली जाते. तिच्यातली सात विधाने सकारात्मक सामन्याची आहेत : देवाशी नाते घट्ट करू पाहिले, मनातला राग सोडायला देवाची मदत मागितली, या प्रसंगातून देव मला बळ देतोय का ते पाहिले, अशी. उरलेली सात नकारात्मक, म्हणजे देवाशी चाललेल्या झगड्याची आहेत : देवाने मला टाकले की काय, माझ्या भक्तीत कमी पडले म्हणून त्याने शिक्षा केली का, त्याचे माझ्यावर प्रेम आहे का, अशी. प्रत्येक विधानाला ‘अजिबात नाही’ ते ‘खूपच’ अशी चार उत्तरे असतात. त्यांना ० ते ३ गुण दिले, तर प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त २१ गुण होतात. दोन्ही बाजूंची बेरीज वेगवेगळी ठेवतात, कारण एकच माणूस दोन्हीकडे भरपूर गुण मिळवू शकतो.

संशोधनाच्या दृष्टीने नकारात्मक बाजू जास्त बोलकी ठरली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पारगामेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या, ५५ वर्षे व त्यावरील ५९६ रुग्णांचा सुमारे दोन वर्षे मागोवा घेतला. शारीरिक व मानसिक प्रकृतीतला फरक हिशेबात धरूनही, देवाशी झगडा असलेल्यांत मृत्यूचा धोका थोडा अधिक दिसला. ‘देवाने मला टाकले का’ या विधानाशी हा संबंध सर्वांत ठळक होता, धोका सुमारे २८ टक्क्यांनी अधिक. हे निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, आणि हे रुग्ण बहुतांशी अमेरिकी ख्रिस्ती होते. तरीही त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : सातही विधानांचे वजन सारखे नाही. गुणांची बेरीज करताना मात्र ते सारखेच धरले जाते.

कोल्हापुरात ही श्रेणी वापरली, तर ही अडचण लगेच समोर येते. समजा, डायलिसिसवर असलेले दोन रुग्ण आहेत. पहिला करवीर तालुक्यातला ऊस शेतकरी. ‘माझे काय चुकले म्हणून देवाने शिक्षा केली’ याला तो ३ गुण देतो, ‘भक्तीत कमी पडलो’ याला २, बाकी सगळ्यांना ०. बेरीज ५. दुसरी निवृत्त शिक्षिका. ‘देवाने मला टाकले’ याला ३, बाकी ०. बेरीज ३. कागदावर शेतकरी अधिक त्रासात दिसतो. पण त्याच्याशी बोलायला बसले की तो सांगतो, ‘‘थोरल्याच्या लग्नाच्या वेळी कुलदेवाचं राहिलं होतं, तेच आडवं आलंय. तेवढं फेडून टाकलं की झालं.’’ चूक कुठे झाली ते त्याला ठाऊक आहे आणि ती दुरुस्त करायची वाटही. देव रागावला असला, तरी त्याच्याशी बोलणे तुटलेले नाही. शिक्षिकेला अशी वाट दिसत नाही. तिने पोथी बंद करून ठेवली आहे, कारण विचारले तर म्हणते, ‘‘आता कुणासाठी वाचायची?’’ वर सांगितलेल्या निष्कर्षाकडे पाहता जपायला हवे ते हिला. म्हणून अशा पाहणीत नुसती बेरीज छापणे पुरेसे नाही. कोणत्या विधानावर गुण पडले ते वेगळे द्यावे आणि निदान काही जणांशी मोकळी मुलाखत घ्यावी.

मूळ श्रेणी ख्रिस्ती समाजात घडली, त्याच्याही खुणा तिच्यात दिसतात. नकारात्मक सातांत ‘माझ्या चर्चने मला सोडले का’ असे एक विधान आहे. त्या जागी ‘देवळाने’ घालून चालत नाही, कारण देऊळ भक्ताची हजेरी घेत नाही. इथे विचारायला हवे ते भावकीबद्दल, वारीच्या दिंडीबद्दल, पारायणाच्या मंडळाबद्दल. ‘हे सैतानाने केले’ या विधानाच्या जागी इथला माणूस ‘बाहेरचं काहीतरी’ किंवा ‘करणी’ म्हणेल. तिथे संशय देवाकडून वळून शेजाऱ्यावर, पाहुण्यावर जातो, म्हणजे मोजली जाणारी गोष्टच बदलते. २००३ मध्ये नलिनी ताराकेश्वर, पारगामेंट आणि अ‍ॅनेट महोनी यांनी हिंदूंसाठी वेगळी श्रेणी तयार करण्याचा पहिला प्रयत्न केला. त्यात देवकेंद्री सामना, अध्यात्मकेंद्री सामना आणि अपराधभाव-राग-निष्क्रियता असे तीन घटक निघाले.

नवसाचे काय? ‘बरा झाला तर पाच खेटे घालीन’ असे जोतिबाला बोलणारी बायको छोट्या श्रेणीत जवळपास अदृश्य राहते. लांब श्रेणीत देवाला गळ घालण्याचा वेगळा गट आहे, छोटीत तो नाही. माझ्या मते कोल्हापूर परिसरात ही सर्वांत मोठी उणीव आहे. माघात सुरू होणाऱ्या रविवारच्या खेट्यांना शहरातून जोतिबाच्या डोंगराकडे चालत जाणाऱ्यांत आजारपणाचे नवस फेडणारेही असतात, आणि छोट्या श्रेणीच्या एकाही विधानात ते चालणे बसत नाही.

मोजणीतली नेहमीची चूक आणखी एक आहे. एकाच वेळी प्रार्थना आणि नैराश्य मोजले, तर प्रार्थना करणारे अधिक निराश दिसू शकतात. याचे साधे कारण असे की दुखणे वाढले की नवसही वाढतात. कोण कुणामागून आले हे कळायला काही महिन्यांनी पुन्हा विचारावेच लागते. शिवाय नकारात्मक विधानांची उत्तरे बहुतेक वेळा शून्याजवळ गोळा होतात. सून खाटेपाशी उभी असताना सासूबाई ‘देवाने टाकलं’ असे म्हणणार नाहीत. सलग सातही शून्ये आणि तीही झरझर दिलेली असतील, तर उत्तरापेक्षा विचारण्याच्या जागेवर शंका घ्यावी.

मृत्युशोकात वेळेचा प्रश्न आणखी नाजूक होतो. १९९३ मध्ये मॅकिंटॉश, सिल्व्हर आणि वर्टमन यांनी अचानक दगावलेल्या तान्ह्या बाळांच्या १२४ पालकांचा अभ्यास केला. त्यांना मृत्यूनंतर तीन आठवड्यांनी आणि पुन्हा अठरा महिन्यांनी भेटले गेले. धार्मिक कार्यांतला सहभाग थेट दुःख कमी करत नव्हता. त्याचा संबंध लोकांच्या आधाराशी आणि मृत्यूचा काही अर्थ लागण्याशी होता, आणि त्यांच्या वाटेने पुढच्या काळातल्या बऱ्या मनःस्थितीशी. कोल्हापुरात पंचगंगेकाठचे रक्षाविसर्जन ते तेरावा या दिवसांत घर माणसांनी भरलेले असते, चूल शेजारी सांभाळतात. तेव्हा आधाराचे गुण सगळ्यांचेच वर जातील आणि भावकी असलेल्या-नसलेल्या घरांतला फरक पुसला जाईल. म्हणून इथे पहिली मुलाखत तेराव्यानंतर काही आठवड्यांनी आणि दुसरी वर्षश्राद्ध उलटल्यावर घेणे सोयीचे. वर्षश्राद्धाच्या आसपासच्या दिवसांत आठवण आणि पाहुणे दोन्ही पुन्हा येतात, त्यामुळे ते दिवस टाळावेत.