पत्रिकेत ‘शनी शत्रुराशीत’ लिहिलं असेल तर

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सदाशिव पेठ, पुणे

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे एकाच वयाच्या मुलांच्या पत्रिका घेऊन बरेच पालक आले. मुलं दहावी-बारावीची. संगणकावर काढलेल्या पत्रिकेत ग्रहांचा तक्ता असतो, त्यात शनीसमोर ‘सिंह’ आणि त्यापुढच्या रकान्यात ‘शत्रू’ छापलेलं असतं. त्या एका शब्दावर पेनाने गोल केलेला असतो आणि पहिला प्रश्न तोच येतो. म्हणून हे पत्रक.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं राहतो. जुलै 2007 च्या मध्यापासून सप्टेंबर 2009 च्या सुरुवातीपर्यंत तो सिंहेत होता. त्या काळात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा शनी सिंहेत आहे. तुमच्या मुलाच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांच्या पत्रिकेत तोच ‘शत्रू’ छापलेला आहे, पहिल्या आलेल्या मुलीच्याही. तेव्हा नुसत्या त्या शब्दावरून एका मुलाबद्दल काही सांगता येत नाही. त्यासाठी पुढची पायरी करावी लागते, आणि ती घरी बसून तुम्हालाही करता येते.

उच्च, स्वराशी, शत्रुराशी म्हणजे काय

प्रत्येक राशीला एक मालक ग्रह असतो. सिंहेचा रवी, कर्केचा चंद्र, मेष-वृश्चिकेचा मंगळ, मिथुन-कन्येचा बुध, धनू-मीनेचा गुरू, वृषभ-तुळेचा शुक्र, मकर-कुंभेचा शनी. ग्रह आपल्याच राशीत असला की स्वगृही. स्वतःच्या घरात माणूस जसा कुणाला न विचारता वावरतो, तसा तो आपली फळं मोकळेपणाने देतो.

उच्च राशी ही वेगळी गोष्ट आहे. ती बहुतेक ग्रहांच्या बाबतीत दुसऱ्याच्या मालकीची असते. तिथे ग्रहाला जावयाचा मान मिळतो: घर सासऱ्याचं, पण पाट-चौरंग त्याच्यासाठी. रवी मेषेत, चंद्र वृषभेत, मंगळ मकरेत, बुध कन्येत (ती त्याची स्वतःचीही राशी), गुरू कर्केत, शुक्र मीनेत, शनी तुळेत उच्चीचा. ठरावीक अंशावर हा मान सर्वांत जास्त असतो, शनीचा तुळेच्या 20 अंशांवर. समोरची सातवी राशी त्या त्या ग्रहाची नीच राशी. उच्च-नीचेच्या ठिकाणी मैत्री वेगळी पाहायची नसते. मीनेचा मालक गुरू शुक्राला शत्रू मानतो, तरी शुक्र मीनेत उच्चच.

मैत्रीचा प्रश्न येतो तो ग्रह ना उच्च, ना नीच, ना स्वगृही असताना, म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यात बिऱ्हाड करून असताना. तेव्हा भाडेकरूचं घरमालकाशी कसं आहे हे पाहायचं. इथे नवशिके हमखास चुकतात. मालक ग्रहाला काय वाटतं ते पाहायचं नसतं, राशीत बसलेल्या ग्रहाला मालकाबद्दल काय वाटतं ते पाहायचं. चंद्र कुणालाच शत्रू मानत नाही, बुधाला तर मित्र मानतो. पण बुध चंद्राला शत्रू मानतो. त्यामुळे कर्केतला बुध शत्रुराशीतच.

शनीचे मित्र बुध आणि शुक्र, गुरू सम, आणि रवी, चंद्र, मंगळ शत्रू. सिंहेचा मालक रवी, म्हणून तक्त्यात ‘शत्रू’. ही झाली नैसर्गिक मैत्री. ती सगळ्यांच्या पत्रिकेत सारखीच असते आणि ‘शत्रू’ हा शब्द बहुतेक वेळा तिच्यावरूनच छापलेला असतो.

दुसरी मैत्री, जी प्रत्येकाची वेगळी

हिला तात्कालिक मैत्री म्हणतात. ग्रह ज्या राशीत आहे तिला एक धरून मोजायचं. मालक ग्रह दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या, अकराव्या किंवा बाराव्या राशीत असेल तर त्या पत्रिकेपुरता तो मित्र. त्याच राशीत किंवा पाचव्या ते नवव्या राशीत असेल तर त्या पत्रिकेपुरता शत्रू.

मग दोन्ही एकत्र करायच्या. दोन्हीकडून मित्र तर अधिमित्र, दोन्हीकडून शत्रू तर अधिशत्रू. एकीकडे मित्र आणि एकीकडे शत्रू आला तर सम. नैसर्गिक सम असेल तर तात्कालिक जे सांगेल ते. याला पंचधा मैत्री म्हणतात आणि खऱ्या फलिताला ही धरायची. बऱ्याच छापील पत्रिकांत मागच्या पानांवर ‘पंचधा मैत्री चक्र’ असतं, ते कुणी उघडून पाहत नाही.

आता सिंहेतल्या शनीचं पाहू. मालक रवी एका राशीत महिनाभरच असतो, म्हणून इथे जन्मतारीखच उत्तर देते. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत रवी वृषभ, मिथुन, कर्केत असतो, म्हणजे सिंहेपासून दहावा, अकरावा, बारावा. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत कन्या, तूळ, वृश्चिकेत, म्हणजे दुसरा, तिसरा, चौथा. या सहा महिन्यांतल्या मुलांचा शनी ‘शत्रू’ छापला असला तरी प्रत्यक्षात सम घरात आहे. उरलेल्या सहा महिन्यांतल्या मुलांचा मात्र अधिशत्रूच्या घरात.

हा फरक नावापुरता नाही. ग्रहाचं बळ मोजण्याच्या षड्बल नावाच्या गणितात राशीकुंडलीपुरतं पाहिलं तर स्वराशीतल्या ग्रहाला 30 षष्ट्यंश बळ मिळतं, सम घरातल्याला साडेसात आणि अधिशत्रूच्या घरातल्याला 1.875. म्हणजे छापील शब्द एकच, आणि बळात चौपट अंतर.

दोन मामे-आते बहिणींच्या पत्रिका

एक आई आपली आणि भावाची मुलगी, दोघींच्या पत्रिका घेऊन आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून तारखा बदलल्या आहेत, ग्रहस्थिती बदललेल्या तारखांची खरी आहे.

थोरली 5 ऑक्टोबर 2008, रात्री दहा, पुणे. धाकटी 28 डिसेंबर 2008, दुपारी साडेचार, पुणे. दोघींचं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली राशी, वृषभ. दोघींचा शनी सिंहेत, म्हणजे लग्नापासून चौथ्या स्थानी. वृषभ लग्नाला शनी नवव्या आणि दहाव्या स्थानाचा मालक, म्हणजे सर्वांत कामाचा ग्रह. तो काय देणार हे या मालकीवरून ठरतं: भाग्य, करिअर, आणि चौथ्यात बसल्यामुळे घर आणि शिक्षण. किती आणि किती सहज देणार हे राशीच्या मैत्रीवरून. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की ‘शत्रुराशीतला शनी शिक्षण बिघडवतो’ अशी वाक्यं तयार होतात.

थोरलीचा रवी कन्येत, सिंहेपासून दुसरा, म्हणून तात्कालिक मित्र. शनी सम घरात. शिवाय त्या वेळी गुरू धनूत स्वगृही होता आणि त्याची नववी दृष्टी सिंहेवर येते. वृषभ लग्नाला गुरू अडचणीच्या मानल्या जाणाऱ्या आठव्या स्थानाचा मालकही असल्यामुळे या दृष्टीला आम्ही पूर्ण गुण देत नाही, पण शनीला आधार आहे एवढं नक्की. या मुलीला शनीची फळं उशिरा पण ठाम मिळतील असं आम्ही सांगितलं.

धाकटीचा रवी धनूत, सिंहेपासून पाचवा, म्हणून तात्कालिक शत्रू. शनी अधिशत्रूच्या घरात. घरमालक रवी लग्नापासून आठव्या स्थानी. गुरू डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मकरेत गेला होता, तिथे तो नीच, आणि तिथून त्याची दृष्टी सिंहेवर येत नाही. इथे शनीची तीच फळं खूप ओढाताणीने येतात, आणि शनीच्या दशा-अंतर्दशेत, म्हणजे आयुष्यातला जो काळ शनीचा धरला जातो त्यात, घर बदलणं, शाखा बदलणं यांसारख्या गोष्टी घडण्याचा संभव जास्त. पण दशा चालू नसताना शनीला जबाबदार धरायचं नाही. आईंचा प्रश्न दहावीच्या गुणांचा होता. त्या वर्षी मुलीला ना शनीची महादशा होती, ना अंतर्दशा. कमी गुण शनीमुळे, असं आम्ही म्हटलं नाही.

याच पत्रिकेत आणखी एक अडचण निघाली. आजोबांनी टिपलेल्या जुन्या कागदावर शनी कन्येत लिहिला होता. आजोबा चुकले नव्हते, त्यांनी टिळक पंचांग धरलं होतं. ते पंचांग आणि आपल्याकडे जास्त चालणारा लाहिरी अयनांश यांत राशीचक्राची सुरुवात कुठे धरायची यात सुमारे चार अंशांचा फरक आहे. म्हणूनच टिळक पंचांगात मकर संक्रांत 10 जानेवारीला येते. लाहिरीने शनी सिंहेच्या शेवटच्या तीन अंशांत होता, चार अंश पुढे सरकला की कन्येत, म्हणजे मित्र बुधाच्या घरात. दोन पंचांगांचे निकाल मिसळू नयेत. आम्ही सर्व गणित लाहिरीने करतो.

जिथे हा नियम एवढ्यावर थांबत नाही

जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत रवी मकर-कुंभेत, म्हणजे शनीच्या घरात असतो, आणि शनी रवीच्या. दोघांनी घरं अदलाबदल केलेली, याला अन्योन्य योग म्हणतात. गणिताने शनी अधिशत्रूच्या घरातच येतो, तरी आम्ही अशा पत्रिकेत त्याला कमकुवत म्हणत नाही, कारण दोघांचाही आपापल्या घरावरचा हात सुटत नाही. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत रवी मेषेत उच्चीचा. तेव्हा शनीचं पटत नाही, पण घरमालक खमक्या असतो, आणि भाडेकरूला त्याच्या जोराचा फायदा मिळतो. या दोन गटांचं फलित तक्त्यावरून करू नये, पूर्ण पत्रिकाच पाहावी लागते.

शत्रुराशीतल्या शनीसाठी नीलम सुचवला जातो. आम्ही रत्नं विकत नाही, आणि पंचधा मैत्री व मालकी न पाहता नीलम घालू नका असंच सांगतो. शनी ज्या पत्रिकेत आठव्या किंवा सहाव्या स्थानाचा मालक असेल तिथे त्याचं बळ वाढवून हाती काय येणार?

भेटीला येताना जन्मवेळेचा रुग्णालयाचा कागद असेल तर तो आणा, आणि जुनी हस्तलिखित पत्रिका असेल तर तीही. जन्म संक्रांतीच्या आसपासच्या दिवसाचा असेल (प्रत्येक इंग्रजी महिन्याच्या 12 ते 18 तारखेच्या दरम्यान), तर फोनवरच तसं सांगा. त्या दिवशी रवी नेमका किती वाजता राशी बदलतो ते आधी काढून ठेवावं लागतं, कारण सम की अधिशत्रू हे त्यावर ठरू शकतं.