सज्जा पडतो कुठून: जुन्या घरांचे झरोके आणि त्यांचं भिंतीतलं शेपूट

पुण्याच्या पेठांत, नाशिकच्या जुन्या गल्ल्यांत किंवा अहमदाबादच्या पोळांमध्ये फिरताना मान वर करून चालायची सवय असेल तर रस्त्यावर झुकलेले सज्जे दिसतातच, आणि आपण बघतो काय तर कोरीवकाम, कठडा, खालचे नक्षीदार ब्रॅकेट. पण सज्जा उभा कशावर आहे हे रस्त्यावरून जवळजवळ कधीच कळत नाही, कारण त्याला धरून ठेवणारी गोष्ट घराच्या आत, खोलीच्या जमिनीखाली आणि भिंतीत लपलेली असते. दुरुस्ती चुकते ती पण नेमकी इथेच, म्हणून हा थोडा इतिहास.

झरोका म्हटलं की आधी राजवाडा आठवतो. मुघल बादशहा सकाळी झरोक्यात येऊन लोकांना दर्शन द्यायचे, अकबराने ही पद्धत रुजवली आणि औरंगजेबाने पुढे बंद केली. जयपूरचा हवामहल 1799 चा, सवाई प्रतापसिंहाच्या काळातला, तिथे तर अख्खी दर्शनी भिंतच झरोक्यांची आहे. पण साध्या रस्त्यावरच्या घरात झरोका किंवा सज्जा आला त्यामागे जास्त व्यवहारी कारणं असावीत असं मला वाटतं. प्लॉट अरुंद, दोन्ही बाजूला शेजाऱ्यांच्या भिंती, हवा आणि उजेड फक्त रस्त्याकडून, मग वरच्या मजल्यावर तीन फूट पुढे सरकलं की खोली मोठी होते, खालच्या दारावर सावली पडते, पावसाचं पाणी भिंतीवर कमी येतं आणि घरातल्या बायकांना रस्ता बघता येतो.

आता लाकडी घरात हे करायची सगळ्यात सोपी आणि सगळ्यात भक्कम रीत म्हणजे खोलीच्या कडीपाटाच्या कड्याच, म्हणजे जमीन पेलणारे आडवे वासेच, लांब घ्यायच्या. कडी मागच्या तुळईवर टेकते, खोली ओलांडते, पुढच्या भिंतीवर टेकते आणि तशीच तीन फूट रस्त्यावर निघते. वेगळा सज्जा बांधलेलाच नसतो, खोलीचीच जमीन बाहेर आलेली असते. सी-सॉ डोळ्यासमोर आणा, पुढची भिंत म्हणजे मधला टेकू, बाहेर सज्ज्यावरची माणसं, आणि आत खोलीच्या जमिनीचं वजन, जे बाहेरची बाजू खाली जाऊ देत नाही. आतली बाजू लांब असल्यामुळे तिला फारसा जोर लावावा लागत नाही.

पण कधी कधी कड्या रस्त्याला समांतर असतात, मग त्या बाहेर काढता येत नाहीत. तिथे छोटे दांडे घेऊन त्यांचं शेपूट भिंतीत रोवायचं आणि वरच्या भिंतीच्या वजनाने ते दाबून धरायचं, हा दुसरा मार्ग. दगडी झरोक्यांचं तत्त्व हेच. जैसलमेरच्या पटवों की हवेलीत (काम 1805 पासून सुरू झालं) पिवळ्या दगडाचे झरोके बघा, खालून तोड्यांचे थर एकेक करत पुढे येतात, प्रत्येक दगड थोडाच बाहेर आणि बराचसा भिंतीत, त्यावर पुढचा दगड, आणि सगळ्यांच्या शेपटांवर वरची भिंत बसलेली. दगड ताणाला कच्चा, म्हणून तो एकदम फार बाहेर काढत नाहीत. लाकडी घरातले तिरके ब्रॅकेट कधी खरंच भार खालच्या भिंतीत उतरवतात आणि कधी नुसते खिळ्याने ठोकलेली शोभा असतात. ओळखायचं असेल तर ब्रॅकेटचं खालचं टोक कशावर टेकलंय ते बघायचं. दगडी तोड्यावर किंवा खांबावर घट्ट टेकलं असेल तर ते काम करतंय, प्लास्टरवर नुसतं चिकटलेलं असेल तर नाही.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत लोखंड आलं आणि चित्र बदललं. भिंतीतून लोखंडी गर्डर बाहेर काढायचे, त्यांच्यामध्ये दगडी लाद्या किंवा विटांच्या छोट्या कमानी, वर कोबा, पुढे ओतीव लोखंडाची जाळी. चाळींच्या लांबलचक गॅलऱ्या बऱ्याच ठिकाणी अशाच. रस्त्यावर बाहेर येणाऱ्या बांधकामासाठी 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात वेगळी कलमं आहेत, म्हणजे हा प्रकार तेव्हाच एवढा वाढला होता. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, 1860 च्या दशकातली लोखंडी सांगाड्याची इमारत, तिच्या बाल्कनीचा भाग 2005 मध्ये कोसळून एक माणूस गेला. साहित्य बदललं तरी मोडायची जागा फारशी बदलली नाही, भिंतीच्या तोंडाशी, कारण तिथे जोर सगळ्यात जास्त आणि ओलही तिथेच. लाकूड तिथे कुजतं, लोखंड गंजून फुगतं आणि आजूबाजूचा दगड-वीट फोडतं, जैसलमेरला दगडांना जोडणाऱ्या लोखंडी क्लॅम्पचंही तेच होतं.

एक केस सांगतो, काही वर्षांपूर्वी जवळून पाहिलेली. एका पेठेतला दुमजली वाडा, पहिल्या मजल्यावर सज्जा, 90 सेंमी बाहेर, साधारण 45 सेंमी अंतरावर सात कड्या. तक्रार एवढीच होती की कठडा रस्त्याकडे झुकलाय. मालकांचं म्हणणं कठडा बदला आणि खालून दोन लोखंडी अँगल मारा, झालं काम. म्हातारे सुतार मिस्त्री सज्ज्यावर गेलेच नाहीत, आतल्या खोलीत जाऊन बसले आणि भिंतीलगतची फरशी बघत म्हणाले, "दादा, बाहेर काय बघताय, हे बघा." भिंतीला समांतर एक बारीक फट, दाराच्या उंबऱ्याजवळ रुंद होत गेलेली. वरून फट म्हणजे वरच्या बाजूला ताण आलाय, म्हणजे सज्जा खाली वाकतोय. मग त्यांनी टोचा घेऊन खालून कड्या तपासल्या. बाहेरच्या टोकाला लाकूड टणक, टोचा दोन मिलीमीटरही जाईना. भिंतीच्या तोंडाशी तोच टोचा चौथ्या कडीत बोटभर गेला, बाहेर आला तो ओला तपकिरी भुसा घेऊन. वरून रंग एकदम चकचकीत, दोन हात ऑइल पेंट.

जमीन उघडल्यावर खरी गंमत. पाच कड्या खोलीतून आरपार गेलेल्या, पण चौथीच्या शेजारच्या दोन आधीच कधीतरी दुरुस्त केलेल्या होत्या, आणि दुरुस्ती म्हणजे कुजलेलं टोक कापून दीडेक मीटरचा नवा तुकडा भिंतीत रोवून सिमेंटने घट्ट बसवलेला, आतली जुनी कडी जिथे कापली तिथेच सोडलेली. बाहेरून सातही कड्या सारख्याच दिसत होत्या.

यात फरक किती पडतो ते साधं गणित. सज्ज्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला 200 किलो धरलं, माणसांची गर्दी 300 किलो (बाल्कनीला आपल्याकडच्या भारमानकात एवढाच धरतात), आणि कठड्याचं 40 किलो प्रत्येक कडीच्या टोकाला, तर एका कडीला भिंतीपाशी साधारण 125 किलो गुणिले मीटर एवढा वाकवणारा जोर येतो. कडी आत 3 मीटर आरपार असेल तर आतल्या टोकाला वर उचलणारा जोर 42 किलोच्या आसपास, आणि खोलीच्या जमिनीचंच त्या टोकावर 135 किलो वजन असतं, म्हणजे निवांत. तोच तुकडा 45 सेंमी जाडीच्या भिंतीतच रोवला तर शेपटाला धरून ठेवायला दहापट जोर लागतो, आणि तो देणार कोण, तर वरची भिंत. तिचं वजन मोजलं तर नुसता तोल साधायला त्या कडीवर सुमारे दीड मीटर उंच भिंत हवी, सुरक्षित म्हणायला तीन मीटर. आणि ते दोन तुकडे नेमके सज्ज्याच्या दाराखाली होते, म्हणजे वर भिंतच नाही, मोकळी हवा. ते दोन तुकडे सज्ज्याला धरत नव्हतेच, उलट बाजूच्या कड्या त्यांचा भार फळ्यांमार्फत ओढत होत्या, म्हणूनच चौथी आधी गेली.

हाच धोका वरचा मजला उतरवल्यावर येतो बरं का. धोकादायक म्हणून नोटीस येते, लोक वरचा मजला पाडून पत्रे टाकतात, आणि खाली रोवलेल्या सज्ज्यांची शेपटं दाबणारं वजनच गायब. असं काही करायचं असेल तर आधी सज्ज्यांना टेकू, मग वरचं काम.

इथे काम असं झालं. आधी रस्त्यावरून टेकू, खाली जाड फळी टाकून म्हणजे टेकू जमिनीत रुतणार नाही, वर आडवा वासा आणि लाकडी पाचरा ठोकून सज्जा जिथे होता तिथेच घट्ट धरला. जॅक लावून पूर्ववत वर उचलायचा मोह होतो, पण जुनं लाकूड त्या वाकात बसलेलं असतं, उचललं की चिरतं, त्यामुळे नाही उचलला. मग आतून खोलीच्या जमिनीच्या फळ्या पूर्ण कडीच्या लांबीत काढल्या, भिंतीलगतच्या हातभर नाही. चौथ्या कडीचा कुजलेला भाग आणि दोन्हीकडे चांगलं लाकूड लागेपर्यंत थोडा जास्त कापला आणि दोन्ही बाजूंनी गॅल्व्हनाइज्ड चॅनल बोल्टने आवळले, बाहेर जवळजवळ टोकापर्यंत आणि आत दोन मीटर, म्हणजे बाहेर आलेल्या लांबीच्या दुपटीहून थोडं जास्त. त्या दोन जुन्या तुकड्यांना मात्र वाचवलं नाही, काढून टाकून खोलीभर आरपार नवीन सागाच्या कड्या टाकल्या. खर्चाची कुरकूर झाली पण मिस्त्री हटले नाहीत.

भिंतीतल्या भोकात कडीभोवती बोटभर मोकळी जागा ठेवली, सिमेंट भरलं नाही, कारण सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही आणि लाकूड आतल्या आत शिजल्यासारखं कुजतं. प्लास्टर चुन्याचं. सज्ज्याची जमीन पूर्वी भिंतीकडे उतरत होती, पावसाचं पाणी बरोबर कड्यांच्या मुळाशी जात होतं, तो उतार उलटा केला आणि पुढच्या फळीखाली पाणी ठिबकून पडावं म्हणून खाच मारली. मालकांना वर चार इंच काँक्रीट करून हवं होतं, "कायमचं टेन्शन गेलं". त्याचं वजनच चौरस मीटरला 240 किलो, म्हणजे सज्ज्याच्या मूळ वजनाहून जास्त, ते रद्द झालं.

टेकू एकदम नाही काढले. कठड्याच्या वरून, पण सज्ज्याला न बांधता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणली, रोज थोड्या पाचरा सैल करायच्या आणि दोरीपासूनचं अंतर मोजायचं. चौथ्या दिवशी पाचरा हाताने निघाल्या, सज्जा तीन मिलीमीटर बसला होता, पुढचा आठवडाभर तेवढाच राहिला, मग टेकू खाली घेतले.