नोनी रस

नोनी रस म्हणजे आल किंवा बारतोंडी या झाडाच्या पिकलेल्या फळाचा रस. शास्त्रीय नाव मोरिंडा सिट्रिफोलिया. मराठीत बारतोंडी हे नाव याच्या जवळच्या भावंड जातींनाही लावतात. गोव्यात आणि कोकणात हे झाड समुद्राकाठच्या खारट, रेताड जमिनीतही वाढते. फळ बटाट्याएवढे असून अंगावर डोळे-डोळे असतात. ते पिकून मऊ पडले की कुजक्या चीजसारखा वास मारू लागते. हा वास त्यातील कॅप्रॉइक आणि कॅप्रिलिक आम्लांचा असतो. आपल्याकडे या झाडाची जुनी ओळख फळामुळे नव्हे, तर मुळांच्या सालीपासून निघणाऱ्या तांबड्या रंगामुळे होती. फळाचा रस रोज घोटभर पिण्याची चाल बाहेरून आली. १९९६ मध्ये ताहितीच्या नावाने बाटलीबंद रस अमेरिकेत विक्रीस आला आणि साखळी विक्रीच्या मार्गाने जगभर पसरला.

रोगप्रतिकारशक्ती वाढते आणि सांधेदुखी थांबते, हे या रसाबद्दलचे दोन मुख्य दावे आहेत. गोव्यात पावसाळा लागला की म्हाताऱ्या माणसांचे गुडघे धरतात. शेजारचे किंवा नात्यातले कोणीतरी एजंट असते आणि बाटली घरात येते. प्रतिकारशक्तीच्या दाव्यामागे प्रयोगशाळेतील आणि उंदरांवरील काम आहे. हवाईत १९९० च्या दशकात रसातील बहुशर्करांचा उंदरांच्या प्रतिकारपेशींवर होणारा परिणाम तपासला गेला. मात्र रस पिणारा माणूस कमी आजारी पडतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. सांधेदुखीवरचे अभ्यास लहान आहेत. खरा रस आणि तसाच दिसणारा दुसरा रस कोणाला दिला हे लपवून, मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन केलेली चाचणी त्यांत नाही. रसातला गुणकारी पदार्थ म्हणून ‘झेरोनिन’ हे नाव अजूनही विक्रीच्या पत्रकांत आढळते. संशोधक राल्फ हाइनिके यांनी १९८५ मध्ये मांडलेला हा पदार्थ फळातून वेगळा काढून त्याची रचना कोणी दाखवलेली नाही.

दाव्यांची बाजू एवढीच. धोक्याच्या बाजूला दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र केल्या की गोंधळ होतो. पोटॅशियमचा धोका मोजता येतो, कारण जितका रस तितके पोटॅशियम. यकृताच्या इजेचा हिशोब मात्र प्रमाणावरून मांडता येत नाही.

पोटॅशियमची गोष्ट २००० साली अमेरिकेतील मूत्रपिंडविकाराच्या एका नियतकालिकात आली. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेला एक माणूस तपासणीला आला तेव्हा त्याच्या रक्तात पोटॅशियम वाढलेले होते. पथ्य काटेकोर पाळतो, असे तो सांगत होता. शेवटी कळले की तो स्वतःच्या मनाने नोनीचा रस घेत होता. डॉक्टरांनी तो रस तपासला, तेव्हा लिटरमागे ५६.३ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम निघाले. मिलिग्रॅममध्ये हे लिटरला सुमारे २,२००, म्हणजे १०० मिलिलिटरला २२० मिलिग्रॅम होते. संत्र्याच्या किंवा टोमॅटोच्या रसातही साधारण एवढेच पोटॅशियम असते. तो माणूस खोटे बोलत नव्हता. संत्रे वर्ज्य आहे हे त्याला माहीत होते, पण नोनी त्याच्या लेखी औषध होते आणि औषधाला पथ्याच्या यादीत जागा नसते.

हा हिशोब आपल्याकडच्या एका कल्पित उदाहरणावर लावून पाहू. समजा, फोंड्याच्या ६८ वर्षांच्या एक आजी आहेत. मधुमेह जुना आहे आणि मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे अहवालातला ईजीएफआर, २८ पर्यंत खाली आला आहे. रक्तदाबासाठी त्या टेल्मिसार्टन घेतात. हे औषध मूत्रपिंडाला उपयोगी असले तरी पोटॅशियम बाहेर टाकण्याचे प्रमाण थोडे कमी करते. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला २,००० मिलिग्रॅम पोटॅशियमची मर्यादा सांगितली आहे. पोटॅशियम कमी व्हावे म्हणून सून भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडते आणि पाणी ओतून टाकते. केळे आणि शहाळे बंद आहे. आता नोनी सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ ३०-३० मिलिलिटर घेतल्यास १३० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम पोटात जाते. मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम असते, म्हणजे हे केळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे झाले. तेवढ्याने आजींना सहसा काही होणार नाही, आणि ‘नोनीत पोटॅशियमचा मारा असतो’ असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. निरोगी मूत्रपिंड हे सहज बाहेर टाकते.

अडचण पुढे येते. महिनाभराने गुडघा तसाच असतो. ‘प्रमाण कमी पडते, अर्धा पेला घ्या’ असे सांगितले जाते. दोन वेळा शंभर-शंभर मिलिलिटर झाले की ४४० मिलिग्रॅम होते. दिवसभराच्या मर्यादेचा हा पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग आहे. भाजीचे पाणी ओतून जे वाचवले, ते बाटलीतून परत आले. त्यात कोणी सोडियम कमी असलेले मीठ आणून दिले तर ते बहुधा पोटॅशियम क्लोराइडचे असते. आधी लिटरमागे ४.९ मिलिइक्विव्हॅलंट असलेले रक्तातले पोटॅशियम मग ५.८ होऊ शकते. नेहमीची पातळी ३.५ ते ५ च्या दरम्यान असते. ६.५ च्या वर गेले की हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती असते, आणि त्याआधी शरीर फारशी सूचना देत नाही. पायांत बळ नाहीसे वाटणे, ठोका चुकल्यासारखे होणे ही लक्षणे आली तर येतात, नाही तर थेट ईसीजीतच बदल दिसतो. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाने अंगाला काय जाणवते यावर विसंबू नये, रक्त तपासावे. आकडा अचानक जास्त आला तर नमुना पुन्हा द्यावा लागतो. रक्त काढताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच जास्त दिसते.

बाटलीच्या लेबलाचा इथे उपयोग होत नाही. आपल्याकडे पोषणमूल्याच्या तक्त्यात सोडियम लिहावे लागते, पोटॅशियम लिहिण्याची सक्ती नाही. रक्तदाबाचा रुग्ण सोडियम कमी पाहून निश्चिंत होतो. दाट अर्क आणि पाणी घातलेला रस यांत पोटॅशियम सारखे नसते, त्यामुळे वरचा २२० चा आकडाही प्रत्येक बाटलीला लागू नाही. काणकोण तालुक्यात कारण न उलगडलेल्या मूत्रपिंडविकाराचे अनेक रुग्ण आहेत आणि गोव्यात मधुमेहही घरोघरी आहे. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन कधी न तपासलेल्या माणसाने ‘मला मूत्रपिंडाचा त्रास नाही’ असे धरून चालणे, मला वाटते, इथे सर्वांत धोक्याचे आहे.

यकृताच्या इजेच्या ज्या नोंदींची सर्वाधिक चर्चा झाली, त्या २००५ साली ऑस्ट्रियातून आल्या. इन्सब्रुकमध्ये ४५ वर्षांच्या एका माणसाच्या यकृताची एन्झाइम्स खूप वाढलेली आढळली. विषाणूंची कावीळ, स्वप्रतिकारी हिपॅटायटिस, विल्सनचा आजार अशी एकेक कारणे तपासून वगळली गेली. विचारपूस केल्यावर कळले की तो तीन आठवडे नोनीचा रस पीत होता. रस थांबवला आणि महिन्याभरात एन्झाइम्स मूळ पातळीवर आली. ग्राझ येथील दोन रुग्णांपैकी २९ वर्षांच्या तरुणाने तीन आठवड्यांत दीड लिटर रस घेतला होता. त्याचे यकृत निकामी होत गेले आणि तातडीने प्रत्यारोपण करावे लागले. त्याला पूर्वी पॅरासिटामॉलच्या अल्प मात्रेनेही यकृताचा त्रास झाला होता. दुसरी ६२ वर्षांची स्त्री होती. तिला आधी यकृताचा कोणताही आजार नव्हता, तीन महिन्यांत दोन लिटर रस पोटात गेला होता, आणि ती आपोआप बरी झाली.

या आकड्यांना भागून पाहावे. तरुणाचे दिवसाला सुमारे ७० मिलिलिटर होतात, त्या स्त्रीचे जेमतेम २२. हे प्रमाण एजंट सांगतात त्याच्या आसपासच आहे. म्हणून ‘थोडे घेतले तर काय होते’ हा युक्तिवाद पोटॅशियमला लागू पडतो, यकृताला नाही. अशी इजा बहुतेकांना होत नाही, एखाद्याला होते, आणि कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. संशय अँथ्राक्विनोन या गटातील द्रव्यांवर घेतला गेला. तांबडा रंग देणारी ही द्रव्ये मुख्यतः मुळांत असतात, आणि बिया काढलेल्या शुद्ध रसात ती नगण्य असतात असे उत्पादकांचे म्हणणे आहे. त्यांच्याच संशोधकांनी २००९ मध्ये ९६ निरोगी माणसांना २८ दिवस रोज ७५० मिलिलिटरपर्यंत रस देऊन यकृताला बाधा दिसली नाही असे दाखवले. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने नेहमीच्या प्रमाणात रसामुळे यकृताला इजा होण्याची शक्यता कमी मानली, पण काही व्यक्ती विशेष संवेदनशील असू शकतात हे नाकारले नाही. माझ्या मते ऑस्ट्रियातल्या नोंदी आणि ही चाचणी एकमेकांच्या विरोधात नाहीत. हजारांत एकाला होणारी गोष्ट ९६ माणसांत न दिसणे साहजिक आहे.

भारतीय बाटल्यांत आणखी एक गुंता असतो. नोनीबरोबर कोकम, अश्वगंधा, गुळवेल असे बरेच काही मिसळलेले असते. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२० च्या शेवटच्या महिन्यांत गुळवेल घेतलेल्या सहा जणांमध्ये यकृताची इजा नोंदवली होती. मिश्रणाने त्रास झाला तर दोष कोणत्या घटकाचा हे ठरवणे कठीण जाते.

गोव्यात निदान चुकण्याचे कारण ऋतूतही आहे. जून ते सप्टेंबरात कावीळ झाली की दूषित पाणी किंवा लेप्टो आठवतो, आणि तसे असतेही बऱ्याचदा. घरचे मग गावठी काविळीचे औषध आणतात आणि चित्र आणखी गढूळ होते. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा गावच्या डॉक्टरांकडे ‘कोणती औषधे घेता?’ असे विचारले की गोळ्यांची नावे सांगितली जातात. ‘काय खाता-पिता?’ असे विचारले की जेवण सांगितले जाते. बाटली दोन्ही उत्तरांतून निसटते. अमेरिकेतल्या त्या रुग्णाचे नेमके हेच झाले होते. बाटलीच सोबत नेली आणि कधीपासून, दिवसाला किती घेतली हे सांगितले, तर पुढचा अर्धा शोध वाचतो.

भूक मरणे, मळमळ, गडद लघवी, डोळे पिवळे होणे किंवा अंगाला खाज सुटणे यांपैकी काही रस सुरू केल्यावर आठवड्यांत किंवा महिन्यांत दिसले, तर रस त्याच दिवशी थांबवावा आणि यकृताचे एन्झाइम एसजीपीटी, काविळीचे बिलिरुबिन व रक्त गोठण्याचा वेग दाखवणारा आयएनआर तपासावा. विषाणूंच्या चाचण्याही त्याच वेळी कराव्या लागतात. आयएनआर वाढलेला असेल किंवा रुग्ण गुंगीत जात असेल, तर घरी थांबून चालत नाही. बाकीच्यांत दर काही दिवसांनी तपासणी करतात. थांबवल्यानंतर काही आठवड्यांत एसजीपीटी निम्म्यावर आले तर संशय बळावतो. खात्री करण्यासाठी तोच रस पुन्हा देऊन पाहत नाहीत, कारण दुसऱ्या वेळी इजा अधिक तीव्र होऊ शकते.